एका पाहणीची हकीकत

चाळीस वर्षे प्रश्नपत्रिका काढण्यात आणि उत्तरपत्रिका तपासण्यात घालविल्यावर, दुसरे काही नाही तरी प्रश्न विचारण्याची विद्या आपणांस साधली आहे, अशी आमची समजूत होती. ती समजूत 2023 साली पार मोडली. कशी मोडली व त्यापायी कोणास काय सोसावे लागले, ते वाचकांपुढे मांडावे असे फार दिवस मनात होते. आपल्या घरांतून आज कोणी शिक्षणसंस्थेच्या मंडळावर असते, कोणी पतपेढीचे संचालक असते, कोणाच्या हाताखाली कचेरीतील दहापाच माणसे असतात. त्यांस या हकीकतीचा उपयोग व्हावा इतकाच हेतू.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही ज्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर आहोत, तिच्या दोन शाळा, एक वसतिगृह व एक मध्यवर्ती कार्यालय आहे. सारे मिळून 96 कर्मचारी. त्या वर्षी तीन चांगली माणसे सोडून गेली, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या मनात काय आहे ते एकदा विचारून पाहावे, असे मंडळात ठरले. प्रश्नावली करण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले. आम्हीही ते मोठ्या उत्साहाने अंगावर घेतले आणि आठवड्यात 40 प्रश्न लिहून काढले.

गणपतीस पुण्याहून मुलगा व सूनबाई घरी आली होती. सूनबाई एका कारखान्याच्या कर्मचारी-विभागात अधिकारी आहे व असल्या पाहण्या दरवर्षी करते. आरती झाल्यावर आम्ही आमचे बाड तिच्यापुढे ठेविले. तिने ते शांतपणे वाचले आणि विचारले, "बाबा, यातून तुम्हांला नक्की काय कळून घ्यायचं आहे? माणसं सुखी आहेत का, की त्यांचं कामात मन आहे का?"

हा भेद आम्हांस नवा होता. इंग्रजीत ज्यास 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' म्हणतात, त्यास आम्ही येथे 'मनोयोग' म्हणू. पगार वेळेवर, सुट्या भरपूर व काम थोडे, असा मनुष्य सुखी असेल. पण त्याचे मन कामात असेलच असे नाही. अमेरिकेतील विल्यम कान या अभ्यासकाने 1990 साली या विषयावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यासाठी त्याने उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि वास्तुशिल्पकारांच्या एका कचेरीतील मंडळी यांचे जवळून निरीक्षण केले होते. मनुष्य कामात स्वतःस ओततो तो केव्हा? त्या कामात त्यास अर्थ दिसतो तेव्हा, मन मोकळे केल्यास आपले नुकसान होणार नाही अशी खात्री असते तेव्हा, आणि अंगात व मनात तेवढे त्राण उरलेले असते तेव्हा, असे कानचे म्हणणे. आमच्या 40 प्रश्नांपैकी यांतील दुसऱ्या गोष्टीवर, म्हणजे निर्भयतेवर, एकही प्रश्न नव्हता. ही उणीव पुढे आमच्याच वर्तनात उमटावयाची होती, हे तेव्हा कोणास ठाऊक!

मग सूनबाईने आमची प्रश्नपत्रिका तपासली. एक प्रश्न असा होता: 'वरिष्ठ कामाची वाटणी न्यायाने करतात व वेळेवर मार्गदर्शन करतात.' वाटणी न्याय्य असून मार्गदर्शन मुळीच नसेल, तर उत्तर देणाऱ्याने करावे काय? एका वाक्यात दोन प्रश्न गोविले की उत्तर कशाचे आले ते कळत नाही. दुसरा प्रश्न: 'संस्थेच्या उज्ज्वल परंपरेचा आपणांस अभिमान वाटतो ना?' यास 'नाही' म्हणण्याची छाती कोणाची? हे विचारणे नव्हे, वदवून घेणे. तिसरा प्रश्न वेतनश्रेणीविषयी होता. आमच्या शाळा अनुदानित. शिक्षकांची वेतनश्रेणी शासन ठरविते. "जिथे आपण काहीच करू शकत नाही ते विचारू नका," ती म्हणाली, "विचारलंत की लोकांना वाटतं, आता काहीतरी होणार. मग झालं नाही की पुढच्या वर्षी कोणी मनापासून उत्तर देत नाही."

चाळिसाचे शेवटी 14 झाले. प्रत्येक वाक्य साधे, एकाच गोष्टीविषयी व उत्तर देणाऱ्याच्या स्वतःच्या अनुभवाचे. उदाहरणार्थ: 'कोणाच्या सांगण्यावरून कोणते काम आधी करावयाचे, हे मला स्पष्ट ठाऊक असते.' 'चूक झाल्यास मी ती वरिष्ठांस निःसंकोच सांगू शकतो.' 'अडचणीत सहकारी मला मदत करतात.' 'कामास लागणारी साधने मला मिळतात.' प्रत्येकापुढे पाच घरे: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. ही पाच पायऱ्यांची मांडणी रेन्सिस लायकर्ट याने 1932 साली प्रचारात आणिली. शेवटी एकच मोकळा प्रश्न, चार ओळींच्या जागेसह: 'आपल्या कामात कोणता एक बदल व्हावा?'

कागदावर नाव नव्हते, केवळ विभाग होता. सूनबाईने दोन अटी घालून दिल्या. पहिली, ज्या विभागातून पाचांहून कमी कागद येतील त्याचा निकाल वेगळा काढू नये, कारण तेथे कोणी काय लिहिले ते सहज ओळखू येते. म्हणून ग्रंथालय व प्रयोगशाळा यांतील चौघांस आम्ही माध्यमिक शिक्षकांत मिळविले. दुसरी अट अशी की, मोकळ्या प्रश्नाची हस्तलिखित उत्तरे मंडळातील कोणीही पाहू नयेत. बाहेरच्या एखाद्या माणसाने ती वाचून त्यांचा आशय वेगळ्या शब्दांत लिहून द्यावा. पहिली अट आम्ही पाळली. दुसरी मात्र आम्हांस निष्कारण वाटली. गावात आमच्या शब्दाला मान आहे. आम्ही वाचले म्हणून कोणाचे काय बिघडणार? हा आमचा अहंकार होता, असे आज स्पष्ट म्हणावे लागते.

ऑक्टोबरच्या मध्यास आठ दिवस पेटी ठेविली. जून महिना प्रवेशांच्या गर्दीचा म्हणून टाळला, आणि दिवाळीच्या सुटीआधी काम उरकले. 96 पैकी 81 कागद आले. अनुकूल उत्तर म्हणजे 'पूर्ण सहमत' किंवा 'सहमत' असे धरून मोजणी केली. 'येथे नोकरी करावी असे मी परिचितास सांगेन' या वाक्यास 81 पैकी 62 जण अनुकूल होते. मंडळात पेढे वाटावयाचेच काय ते बाकी राहिले!

संस्कृतात स्थालीपुलाकन्याय म्हणून एक न्याय आहे. भांड्यातील एक शीत चेपून पाहिले की सारा भात शिजला की नाही ते कळते. पण हा न्याय एकाच भांड्यापुरता. आमच्या संस्थेत चार चुली निरनिराळ्या पेटल्या होत्या, आणि आम्ही मोठ्या पातेल्यातील शीत चेपून साऱ्यांचा निकाल लावीत होतो. विभागवार कागद मांडले तेव्हा कार्यालयाचे चित्र वेगळेच निघाले. तेथे नऊ माणसे. आठांनी कागद दिले होते. परिचितास येथे नोकरी कर म्हणून सांगणारे आठांत तीन. कोणते काम आधी करावयाचे ते ठाऊक असते म्हणणारा आठांत एक. चूक निःसंकोच सांगू शकतो म्हणणारे दोन.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आठ माणसांच्या विभागात एका माणसाचे मत फिरले की शेकडेवारी साडेबाराने हलते. म्हणून अशा ठिकाणी शेकडेवारी बोलूच नये, माणसे मोजावी. आणि तीन व चार यांच्या अंतरावरून कोणतेही अनुमान बांधू नये. परंतु आठांत एक हा आकडा योगायोगाचा खास नव्हे.

मंडळाच्या बैठकीत दोन मते लगेच पुढे आली. एक म्हणाले, कार्यालयातील मंडळी मुळातच कुरकुरी. दुसरे म्हणाले, मुख्य लिपिक बदला. वास्तविक दोहोंचे उत्तर त्याच कागदांवर होते. सहकारी मदत करतात असे आठांत सातांनी म्हटले होते. साधने मिळतात असे सहांनी. कुरकुऱ्या माणसाने सर्वत्र नकारच लिहिला असता. ही माणसे एकमेकांशी गुण्यागोविंदाने वागत होती, संगणक व कागद त्यांस पुरत होते. अडत होते ते आदेश आणि भीती या दोनच जागी. कमी गुण कोठे पडले याइतकेच ते कोठे पडले नाहीत, हेही पाहावे लागते.

आता आमचा अपराध सांगतो. मोकळ्या प्रश्नाच्या उत्तरांत एक उत्तर फार मार्मिक होते. ते वाचताच एका विशिष्ट शब्दयोजनेवरून लिहिणारी व्यक्ती आम्ही ओळखली. कारण ती व्यक्ती एके काळी आमच्याच वर्गात बसत असे. ती शब्दयोजना कोणती हे येथे लिहीत नाही. दोन दिवसांनी कार्यालयाच्या ओसरीवर ती व्यक्ती भेटली, तेव्हा आम्ही कौतुकाने म्हणालो, "तुमचे उत्तर वाचले. नेमके लिहिले आहे." आम्हांस वाटले, शाबासकी दिली. त्या चेहऱ्यावरचा रंग उडाला तो मात्र आजही डोळ्यांपुढून हलत नाही. संध्याकाळपर्यंत कार्यालयातील नऊही जणांस कळले की, निनावी म्हणून घेतलेले कागद ओळखले जातात.

दिवाळीनंतर कार्यालयाची बैठक बोलाविली. अर्धा तास कोणी तोंड उघडले नाही. "सर्व ठीक आहे, गुरुजी," एवढेच उत्तर. आम्ही घरी येऊन सूनबाईस दूरध्वनी केला. ती रागावली नाही, हेच अधिक लागले. ती एवढेच म्हणाली, "बाबा, आता ते कागद तुमच्याकडे नकोत, आणि त्या बैठकीत तुम्ही नकोत. पण आधी त्यांना जे झालं ते तुम्हीच सांगायला हवं."

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयात जाऊन नवांसमोर उभे राहिलो. जो विश्वास देऊन कागद घेतले तो आमच्याकडून मोडला. यापुढे उत्तरे आमच्या हाती येणार नाहीत, व कोणाच्याही उत्तराचा त्याच्या नोकरीशी संबंध जोडला जाणार नाही असा मंडळाचा लेखी ठराव आम्ही करून घेऊ, असे सांगितले. साठी उलटल्यावर आपल्या विद्यार्थ्यासमोर क्षमा मागणे सोपे नाही. पण ज्याने भीती उत्पन्न केली त्यानेच ती काढावयास यावे लागते. दुसऱ्याच्या हातून ते होत नाही.

पुढील बैठक शेजारच्या गावच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी घेतली. मंडळाचे कोणी हजर नव्हते. बाईंनी प्रथम आकडे फळ्यावर लिहिले, आणि 'कोण' व 'का' हे दोन शब्द कटाक्षाने टाळून एवढेच विचारले, "असे शेवटचे कधी झाले, तो दिवस सांगा." शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात 1928 पासून पुढे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. तेथेही आरंभी ठरावीक प्रश्न विचारीत. पण कामगार आपल्याच मनातल्या गोष्टींकडे वळत. म्हणून पुढे प्रश्न बाजूस ठेवून ऐकण्याचीच पद्धत त्यांनी धरिली. बाईंनीही तेच केले. प्रश्नावली कोठे दुखते ते दाखविते. काय दुखते ते माणसेच सांगतात.

हळूहळू जूनमधला एक दिवस बाहेर आला. सकाळी माध्यमिकचे मुख्याध्यापक म्हणाले, यू-डायसची माहिती आजच भरा. अकरा वाजता सचिवांनी लेखापरीक्षणासाठी वर्षभराच्या पावत्या मागितल्या. वसतिगृहाच्या अधीक्षकांस प्रवेशाच्या याद्या हव्या होत्या. शालार्थवरील पगारबिलांची मुदत जवळ आली होती, आणि खिडकीवर शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी पालकांची रांग. प्रत्येकाचे काम 'आधी'. त्या घाईत एका दाखल्यावर जन्मतारीख चुकीची उतरली. चूक संध्याकाळीच ध्यानात आली, पण सांगितली नाही. कारण मागे अशाच चुकीसाठी एकास मंडळाने लेखी खुलासा मागितला होता. तीन आठवड्यांनी पालक तक्रार घेऊन आले, तेव्हा मुख्य लिपिकांस पुन्हा बोलणी खावी लागली.

म्हणजे दोन नीच गुण हे दोन आजार नव्हते, एकच होता. परस्परविरुद्ध आदेशांतून घाई, घाईतून चूक, चुकीतून खुलासा, खुलाशाच्या भयातून लपवाछपवी. आणि या साखळीची दोन्ही टोके कार्यालयात नव्हती. आदेश देणारे आम्ही, खुलासा मागणारेही आम्हीच. ज्या मुख्य लिपिकांस बदलण्याची भाषा झाली, ते बिचारे मधल्या कड्यासारखे दोन्हीकडून ओढले जात होते. एखाद्या विभागाचे गुण खाली आले म्हणजे दोष त्या विभागातच असतो, असे मुळीच नाही.

कार्यालयातील मंडळींनी सहा मागण्या लिहून दिल्या. बाईंच्या सल्ल्याने मंडळाने त्यांतील दोनच उचलल्या. पहिली: कार्यालयाकडे येणारे प्रत्येक काम मुख्य लिपिकांजवळच्या एका वहीत लिहिले जाईल, कोणाचे, काय व कधीपर्यंत. रोज साडेदहास दहा मिनिटे ती वही सर्वांनी मिळून पाहावयाची, आणि दोन कामे एकमेकांस अडवू लागली तर कोणते आधी ते सचिवांनी त्याच दिवशी सांगावयाचे. दुसरी: जी चूक करणाऱ्याने त्याच दिवशी स्वतः सांगितली, तिच्याबद्दल खुलासा मागावयाचा नाही, दुरुस्तीच्या वहीत नोंद करून ती सुधारावयाची. आणखी एक लिपिक नेमण्याची मागणी मान्य होण्यासारखी नव्हती. ती का नाही, हे सचिवांनी स्वतः जाऊन सांगितले. स्पष्ट नकार माणसे सोसतात. मौन सोसत नाहीत.

मार्चमध्ये केवळ तीन प्रश्नांची छोटी चौकशी केली. वही नियमाने चालली होती. मात्र दोन वरिष्ठ अजूनही लिपिकांस परस्पर हाक मारून कामे सांगत होते. ते सचिवांनी बंद केले. मग 2024 च्या ऑक्टोबरात तीच 14 वाक्ये, एक अक्षरही न बदलता, पुन्हा विचारली. वाक्य बदलले तर मागच्याशी तुलना होत नाही. मोकळी उत्तरे या वेळी पाकिटात बंद होऊन थेट बाईंकडे गेली.

निकाल कसा वाचावा हेही सूनबाईनेच शिकविले. या वेळी कार्यालयातून आठ नव्हे, सहाच कागद आले. कोणते काम आधी ते ठाऊक असते, असे सहांत पाचांनी म्हटले. न आलेले तिन्ही कागद प्रतिकूलच असते असे धरिले, तरी नवांत पाच होतात. आणि मागच्या वर्षी न आलेला एक कागद अनुकूल होता असे धरिले, तरी नवांत दोनच होते. शिवाय सर्वांत तळाचा आकडा दुसऱ्या खेपेस काहीही न करता थोडा वर येतो, हेही लक्षात ठेवावे लागते. तेवढे वजा करूनही येथे सुधारणा झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु 'चूक निःसंकोच सांगू शकतो' येथे सहांत तीन. वरकरणी आठांत दोनपेक्षा हे बरे दिसते. पण न आलेले तिघे प्रतिकूल धरिले तर नवांत तीनच, आणि मागच्या वर्षीही ते नवांत तीन असू शकले असते. म्हणजे भीती कमी झाली की नाही, ते या आकड्यांवरून सांगता येत नाही. मंडळाच्या इतिवृत्तात एका सभासदांनी 'समाधानकारक वाढ' असे लिहिले होते. ते आम्ही खोडून 'अनिर्णित' असे लिहविले.

पहिल्या वर्षी आठ जणांनी विश्वासाने कागद टाकिले होते, दुसऱ्या वर्षी सहांनी. ते दोन कागद का आले नाहीत, हे आम्ही कोणास विचारले नाही. विचारण्याचा अधिकार आम्ही ओसरीवरच घालविला होता. आता कार्यालयात जातो तेव्हा ओसरीवर आमचे ते जुने विद्यार्थी भेटतात, पूर्वीप्रमाणेच आदराने नमस्कार करतात. दुरुस्तीच्या वहीत मागील महिन्यात चार नोंदी झाल्या, चारही ज्याच्या त्याच्या हातच्या, असे मुख्य लिपिक परवा म्हणाले. त्या कोणाच्या, हे आम्ही विचारले नाही.